निळं पडलेलं टोक

अण्णांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं. तिथे तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली, लोखंडाला भोक पाडायची ड्रिल मशीनची बिटं असायची. लाकडाची बिटं पँटच्या उजव्या खिशात. भिंतीची, टोकाला कडक धातूचा चपटा तुकडा बसवलेली, ती एका पत्र्याच्या डबीत, आणि डबी मशीनच्या पेटीत. तिला खिशात जागा नव्हती. "भिंतीवाल्यांना घरात घ्यायचं नाही," ते म्हणायचे. "ती सिमेंट खातात आणि बाकीच्यांच्या अंगावर सांडतात."

आई कपडे धुताना वैतागायची. शर्टाला तेलाचा डाग ठरलेला, आणि पँटच्या खिशाला भोक. शेवटच्या दिवशीही सकाळी तिने खिशात बोट घालून ते पलीकडून बाहेर काढून दाखवलं. अण्णा म्हणाले, "बघ, लाकडाचं बिट कापडातही किती स्वच्छ भोक पाडतं." आई हसली नाही, पण बोट लगेच काढलंही नाही.

मग बाप-लेक गाडीत सामान टाकून निघाले. मुलगी गेली काही वर्षं अण्णांबरोबर कठड्यांचं काम करत होती. कुणी विचारलं तर अण्णा सांगायचे, "नोकरी मिळेपर्यंत मदत करते." ती मान डोलवायची. नोकरीसाठी तिने शेवटचा अर्ज कधी केला होता, हे दोघांनाही आठवत नव्हतं, आणि विषय कुणी काढत नव्हतं.

काम एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे होतं. सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांचे यजमान पडून मांडीचं हाड मोडून घेऊन हॉस्पिटलात होते. ते घरी यायच्या आत जिन्याला कठडा हवा होता, नाहीतर त्यांना वरच्या खोलीत नेणार कसं. जिनाही असा की परीक्षाच घ्यायला बांधलेला. खालच्या पायऱ्या लाकडी, एका बाजूला काँक्रीटची भिंत, वर सिमेंटचा सज्जा. आणि कठडा स्टेनलेस स्टीलचा.

बाई खुर्ची टाकून बसल्या आणि तासाला बसल्यासारखं विचारू लागल्या.

"मशीन एकच, मग बिटं इतकी कशाला हो?"

"मशीन नुसतं फिरवतं, बाई. कापतं ते बिट." अण्णांनी लाकडाचं बिट पुढे केलं. मधोमध सुईसारखं टोक, कडेला दोन धारदार कोपरे. "हे आधी मधे रुततं, मग कडा कापतं. लाकडाला वेग लागतो. जोरात फिरवायचं आणि हात हलका ठेवायचा. भुसा नीट बाहेर आला पाहिजे. आत कोंबला गेला की लाकूड जळतं, काळं पडतं."

"आणि भिंतीचं?"

"भिंत कापत नाहीत, फोडतात. म्हणून ठोका लावायचा." त्यांनी मशीनवरचं बटण फिरवून हातोडीच्या चित्रावर आणलं. "फिरता फिरता मशीन ठोकतंही. मधे मधे बाहेर काढून पूड झाडायची, नाहीतर टोक तापून त्याचा तुकडाच गळून पडतो."

"लोखंड?"

"लोखंडाला घाई चालत नाही. वेग कमी, दाब पक्का, तेलाचा थेंब. त्यात हे स्टेनलेस म्हणजे मानी जात. वेगाने घासलं की तापतं, आणि जिथे तापलं तिथे आणखी कडक होऊन बसतं. मग बिट जळतं आणि ते तसंच्या तसं."

"अशी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असायची," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही काय करत होतात?"

"दुसऱ्या तुकडीत पाठवत होते."

अण्णा मनापासून हसले. बाईंच्या तोंडाला लागायला त्यांना आवडू लागलं होतं.

दुपारपर्यंत लाकडी पायऱ्यांवरचे खांब उभे राहिले. भिंतीची भोकं तिने पाडली. अण्णा खाली स्क्रू आवळत होते आणि तिच्याकडे बघतही नव्हते. वरच्या सज्ज्यावर शेवटच्या खांबाशी घोटाळा झाला. खांबाच्या तळाशी जाड प्लेट होती, तिच्या चारपैकी एका भोकाखाली नेमकी सिमेंटातली सळई आली. तिचं बिट सळईवर जाऊन अडलं, पुढे सरकेना. प्लेटमध्येच थोडं बाजूला नवं भोक पाडायचं ठरलं. अण्णांनी खांब आडवा केला, प्लेट लाकडाच्या फळीवर क्लॅम्पने घट्ट बांधली.

तेवढ्यात बाई चहाचा ट्रे घेऊन जिना चढू लागल्या. त्यांचा तोल बघून ती हातातलं मशीन खाली ठेवून धावली, ट्रे घेतला, चहा झाला, मग ती खालच्या पायऱ्यांवर सांडलेली पूड झाडायला बसली.

वरून चिरका आवाज आला. लोखंड किंचाळल्यासारखा. त्यामागून जळक्या तेलाचा वास.

तिने वर पाहिलं. अण्णा मशीन हातात धरून उभे होते, बिटाच्या टोकातून धुराची बारीक रेघ निघत होती. टोक निळं-जांभळं पडलं होतं.

अण्णांच्या हातून बिट जळालेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं. इतरांची जळत, तिची सुरुवातीला कितीतरी जळाली. अण्णांचं बिट झिजून झिजून बोटाएवढं व्हायचं, पण जळायचं नाही.

"हलकं निघालं," अण्णा म्हणाले. "हल्ली बिटात कोबाल्ट नुसतं नावाला असतं." मग तिच्याकडे वळून, "राणीसरकार, गाडीतून दोरी आणा. हा खांब बांधून ठेवू, कुणी अडखळायला नको. उद्या नवं बिट आणू आणि एका भोकात मोकळे होऊ."

ती दोरी आणायला गेली. परत येईपर्यंत अण्णांनी मशीन पेटीत ठेवलंही होतं.

घरी जाताना गाडीत त्यांनी विचारलं, "त्या तुझ्या कादंबरीतली ती, सासर सोडून गेलेली, परत आली का?" अण्णा स्वतः पुस्तक हातात धरत नसत, पण तिने वाचलेलं सगळं त्यांना गाडीत ऐकायचं असे.

"अजून तिथवर वाचलं नाही."

"मग वाच की. का रखडवतेस तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात बसून बूट घालत होते. एक बूट घातला. दुसरा हातात घेतला आणि तसेच कडेला कलंडले, जणू भिंतीला कान लावून पलीकडचं काही ऐकायचंय. ती म्हणाली, "अण्णा, उशीर होतोय." दोनदा म्हणाली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झालाय. त्या तरुण डॉक्टर होत्या, भराभर बोलत होत्या. "काल काही वेगळं वाटलं का? बोलताना अडखळले? हात जड झाला, एखादी नेहमीची गोष्ट चुकली? कधी कधी आदल्या दिवशीच खूण दिसते."

"छे हो," आई म्हणाली. "नेहमीसारखे जेवले. पंखा जोरात केला म्हणून माझ्याशी भांडले. झोपले."

तिच्या डोळ्यांसमोर निळं टोक आलं. नेहमीची गोष्ट. अण्णांसाठी याहून नेहमीची गोष्ट दुसरी कोणती होती? स्टीलवर वेग कमी, ही गोष्ट त्यांच्या हाताला श्वासासारखी ठाऊक होती. ती चुकली होती, तिच्या समोर चुकली होती, आणि ती दोरी आणायला गेली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत अण्णा गेले.

नंतर जे झालं त्यातलं तिला फार थोडं आठवतं. माणसं येत होती, बसत होती, अण्णांनी त्यांच्या घरी कुठे काय बसवलं ते सांगत होती. ती पाणी देत होती, रिकामे पेले उचलत होती. रडू मात्र आलं नाही. एखाद्याने कानाखाली मारल्यावर क्षणभर दुखत नाही, नुसतं गरम लागतं, तसा तो क्षण लांबत चालला होता. गॅसची निळी ज्योत बघवत नव्हती. आई म्हणाली, "अगं, दूध उतू गेलं, तू समोरच उभी आहेस ना?" ती म्हणाली, "हो."

आईला सांगण्यासारखं नव्हतं. सांगून आईच्या गळ्यात आणखी एक धोंडा कशाला. आणि सांगितलं असतं तरी आईला कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. कुणीही बघितलं असतं तर त्याला एवढंच दिसलं असतं की एक माणूस भोक पाडतोय आणि बिट जळालं. ती खूण वाचता येणारं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते पूड झाडत होतं.

सुतारकाका आले तेव्हा मात्र तिने त्यांना अंगणात गाठलं. अण्णांचे जुने सोबती. दोघांनी मिळून अर्ध्या गावाचे जिने केले होते.

"काका, आदल्या दिवशी अण्णांनी बिट जाळलं."

"जळतं गं. एवढं तेवढं होतंच."

"स्टेनलेसवर. मशीन पूर्ण वेगात होतं. मी आवाज ऐकला."

"माझी तर महिन्याला..."

"तुमची नाही विचारत. अण्णांचं."

सुतारकाका पायातली चप्पल बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तू आता हे डोक्यात घेऊ नकोस," ते म्हणाले, तेही अगदी हळू. काका खोटं बोलू शकले असते. त्यांना जमलं नव्हतं.

"बाईंचं राहिलेलं मी करून टाकतो," जाताना ते म्हणाले. "एकच तर भोक आहे."

"नको. मी करीन."

बाईंनी कामाचा तगादा लावला नव्हता. एवढंच कळवलं होतं की यजमान घरी आलेत, खाली बैठकीत झोपतात, तुम्ही तुमच्या सोयीने या. ती नवं कोबाल्टचं बिट घेऊन गेली. दुकानदाराने बिट कागदात गुंडाळताना काहीतरी म्हटलं, तिने ऐकलं नाही.

बैठकीत म्हातारे गृहस्थ पलंगावर टेकून बसले होते. त्यांनी हात जोडले. बाई तिला घेऊन वर आल्या.

सगळं जसंच्या तसं होतं. दोरीने बांधलेला खांब, फळीवर आवळलेली प्लेट, आणि तिच्यावर ते जळालेलं बिट. अण्णांनी तिथेच ठेवलेलं.

तिला ते उचलायचं नव्हतं. पण नवं भोक कुठून धरायचं हे बघायला प्लेट तर बघावी लागणारच होती. तिने बिट उचललं आणि सवयीने खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं.

टोक निळं होतं. पण दोन्ही कोपरे तुटलेले होते. उंदराने कुरतडल्यासारखे.

ती थांबली. नुसत्या वेगाने बिटाची धार गोल होते, निळी पडते, बोथट होते. तिचे तुकडे उडत नाहीत. तुकडे उडतात ते ठोक्याने.

तिने गुडघे टेकून प्लेट बघितली. अर्धवट भोकाचा तळ काचेसारखा चकचकीत, आणि कडेने बारीक बारीक खड्ड्यांची माळ. बिट फिरता फिरता आपटत होतं. मशीन ठोक्यावर होतं, वेग भिंतीचा होता.

भिंतीची भोकं तिने पाडली होती. वर सज्ज्यातही तीच पाडत होती; सळईवर बिट अडल्यावर तिने मशीन तसंच खाली ठेवलं होतं आणि चहाचा ट्रे धरायला धावली होती. त्यांच्यात एक पद्धत होती, कुणी कुणाला शिकवलेली नाही, आपसूक पडलेली. भिंतीवरून मशीन खाली ठेवणाऱ्याने ठोका बंद करायचा, वेगाची चकती कमीवर आणायची. दुसऱ्याने उचललं की ते कशालाही तयार असलं पाहिजे.

तिने पेटी उघडली. बटण साध्यावर होतं. चकती कमीवर होती.

म्हणजे ते नंतर कुणीतरी फिरवलं होतं. पुन्हा प्लेटवर वाकली. आता ती दुसरंच शोधत होती. नव्या भोकाच्या जागी अण्णांनी खिळ्याने ओढलेल्या दोन रेघांची फुली होती. जळालेला खळगा त्या फुलीवर नेमका मधोमध होता, केसभरही इकडे तिकडे नाही. ठोक्यावरचं मशीन स्टीलवर घसरतं, पळतं. ते घसरलं नव्हतं, कारण आधी पंचाच्या टोकाने खोल, सरळ ठसा मारलेला होता. तेल ओतलेलं होतं, सुकून पिवळं झालं होतं. बिट बरोबर खिशातलं होतं, बरोबर जाडीचं होतं, त्याच्या दांड्यावर चकच्या, म्हणजे मशीनच्या जबड्याच्या, खुणा सरळ होत्या. क्लॅम्प योग्य जागी होता. फळी खाली होती.

अण्णांच्या हातून त्या दिवशी एकही गोष्ट चुकली नव्हती.

"बाई," तिने विचारलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "मी दोरी आणायला गेले तेव्हा अण्णांनी काय केलं?"

बाई दारातच उभ्या होत्या. "ते बटण फिरवलं त्यांनी. मी म्हटलं, काय हो, बिट खराब निघालं ना, मग बटणाशी काय चाललंय? तर हसले. म्हणाले, बिट नाही बाई, पोरीचं बटण राहिलं. तिच्यासमोर बोलू नका, आठवडाभर मनाला लावून घेईल."

तिने पेटीतल्या बटणाकडे पाहिलं.

"मी म्हटलं, मग तुम्ही आधी बघायचं नाही का? माझी मास्तरकीची सवय, दुसरं काय. तर म्हणाले," बाई जरा थांबल्या, "म्हणाले, पूर्वी बघायचो. आता तिच्या हातचं मशीन मी बघत नाही." मग त्या अवघडून म्हणाल्या, "मला वाटलं, घरी जाताना त्यांनी सांगितलं असेल. मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही."

खालून यजमानांनी हाक मारली. बाई क्षणभर घुटमळल्या आणि खाली गेल्या.

ती प्लेटसमोर बसून राहिली. किती दिवस तिने तो आवाज कानात घोळवला होता, त्या निळ्या टोकावरून अख्खा माणूस डोक्यात मोडून पुन्हा जोडला होता. आणि तो माणूस त्या दुपारी पूर्णपणे शाबूत होता. इतका शाबूत की खोटं बोलायचं सुचलं, दोरी आणायला पाठवायचं सुचलं, आणि गाडीत कादंबरीतल्या परक्या बाईची चौकशी करायचंही सुचलं. खूण नव्हती. वाचायला काही नव्हतंच. ते तसेच, काहीही न कळवता, बूट हातात घेऊन गेले होते. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट आत्ता कुठे कुणीतरी सांगितल्यासारखं वाटलं की अण्णा गेले.

  

मग ती कामाला लागली. खळग्याचा तळ तापून कडक झाला होता, वरून त्याच्यावर नवं बिट लावलं असतं तर तेही गेलं असतं. तिने क्लॅम्प सोडला, प्लेट उलटी केली, माप घेऊन मागच्या बाजूला तीच फुली ओढली. तिथलं स्टील अजून हट्टाला पेटलेलं नव्हतं. पंच मारला. प्लेट पुन्हा आवळली. नवं बिट चकमध्ये बसवलं. बटण बघितलं. चकती बघितली. तेल टाकलं.

मशीन हळू फिरू लागलं. तिने दोन्ही हातांनी, खांद्याचा भार देऊन दाबलं. घासू द्यायचं नाही, कापू द्यायचं. जरा वेळ काहीच होत नव्हतं, आणि मग धार लागली. चंदेरी तार गोल गोल वळत वर आली, तुटली, दुसरी आली. तार पिवळी पडत नव्हती, म्हणजे तापत नव्हतं. तिने पुन्हा तेल सोडलं. अगदी शेवटी, जिथे जळालेला थर होता तिथे, बिट कुरकुरलं. तिथे भिऊन हात सैल सोडला की संपलं. तिने सैल सोडला नाही. बिट थर फोडून फळीत उतरलं आणि पांढऱ्या तारेबरोबर लाकडाचा भुसा वर आला.

तिने टोक उजेडात धरलं. राखाडी होतं.

भोकाची धार कानशीने घासली, खांब उभा केला, सज्ज्यावर खुणा केल्या. डबीतलं भिंतीचं बिट लावलं, ठोका सुरू केला, मधे मधे बाहेर काढून पूड फुंकली. सळई चुकली. बोल्ट ठोकले, नट आवळले. खांबाला दोन्ही हात लावून अंगाचा सगळा जोर देऊन हलवून पाहिला. हलला नाही.

खाली बाई यजमानांना सांगत होत्या, "ऐकलंत का, झालं वाटतं." त्यावर म्हातारे काहीतरी म्हणाले आणि बाई म्हणाल्या, "उद्या. आज नाही. आज तिला बसू दे."

जिन्यात कुणी नव्हतं. ती वरच्या पायरीवर उभी होती, हात कठड्यावर. पाठीमागे भिंतीपर्यंत रिकामी जागा होती, एक माणूस उभा राहील एवढी. तिने मान वळवली नाही.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज चोरटा नव्हता, खाली ऐकू गेला असता तरी चाललं असतं. "मी नोकरीसाठी थांबले नव्हते. मला हेच करायचं होतं, तुमच्याबरोबर. तुम्ही मागे उभे असलात की मला कसलीच भीती वाटायची नाही."